विश्लेषण : कोपऱ्यातला चेहरा आकडा झाकतो तेव्हा… स्लाइडसह रेकॉर्ड केलेला तास कसा तयार करायचा?

सणसवाडीत एकाच विषयाचा तास एकाच वेळी सगळ्यांना घेणे जवळपास अशक्य असते. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या या औद्योगिक गावात पहिल्या पाळीचा ट्रेनी घरी परततो तेव्हा दुसऱ्या पाळीचा गेटवर असतो आणि तिसऱ्या पाळीचा खोलीवर झोपलेला असतो. त्यामुळे व्हर्निअर कसे वाचायचे, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स म्हणजे काय, असे नेहमीचे विषय एकदाच रेकॉर्ड करून ठेवावेत आणि ज्याने त्याने आपल्या वेळेला मोबाइलवर पाहावेत, हा मार्ग सोयीचा वाटतो. स्लाइड मोठी, कोपऱ्यात शिकवणाऱ्याचा छोटा चेहरा आणि मागून आवाज, असा हा ओळखीचा प्रकार. करोनाकाळात 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा राज्यातल्या हजारो शिक्षकांनी तो रातोरात शिकून घेतला. पण रेकॉर्ड करता येणे आणि रेकॉर्ड केलेले पाहणाऱ्याला समजणे यात बरेच अंतर आहे. ते अंतर बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातल्या चौकटीपाशीच सुरू होते.

चौकट नेमकी काय बिघडवते?

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या कारखान्यात नव्या ट्रेनींसाठी व्हर्निअर कॅलिपरवर आठ मिनिटांचा तास रेकॉर्ड करायचा आहे. व्हर्निअर 0.02 मिलिमीटर लीस्ट काउंटचा. म्हणजे मुख्य पट्टीवर एक-एक मिलिमीटरच्या रेघा आणि सरकत्या पट्टीवर 49 मिलिमीटरमध्ये बसवलेले 50 भाग. स्लाइडवर जे माप दाखवले आहे त्यात सरकत्या पट्टीचा शून्य मुख्य पट्टीवरच्या 24 आणि 25 यांच्या मध्ये आहे आणि सरकत्या पट्टीची 42वी रेघ वरच्या 66व्या रेघेशी तंतोतंत जुळते. 42 गुणिले 0.02 म्हणजे 0.84, म्हणून माप 24.84 मिलिमीटर.

आता हे चित्र 1920 बाय 1080 पिक्सेलच्या स्लाइडवर पूर्ण रुंदीला बसवले आणि त्यात मुख्य पट्टीचा 20 ते 80 मिलिमीटर हा भाग दिसतो असे धरू. 66ची रेघ डावीकडून सुमारे 1472व्या पिक्सेलवर येते. शिकवणाऱ्याने कॅमेऱ्याची चौकट खाली उजवीकडे ठेवली, स्लाइडच्या पाव रुंदीची, म्हणजे 480 पिक्सेल, आणि कडेला 40 पिक्सेल सोडले, तर ती चौकट 1400 ते 1880 पिक्सेलची जागा व्यापते. ज्या एका रेघेसाठी पूर्ण तास घेतला जातोय, ती रेघ शिकवणाऱ्याच्या हनुवटीमागे जाते. शिकवणाऱ्याला हे कळत नाही, कारण तो स्वतःच्या लॅपटॉपवर फक्त स्लाइड पाहत असतो. चौकट त्याच्यासाठी नसतेच, ती फक्त रेकॉर्डिंगमध्ये असते.

समोरासमोरच्या वर्गात कोणीतरी म्हणाले असते, ‘सर, जरा बाजूला व्हा.’ रेकॉर्डिंगपुढे बसलेला ट्रेनी तसे म्हणू शकत नाही. तो अंदाज बांधतो किंवा व्हिडिओ पुढे ढकलतो.

मग चेहरा दाखवायचाच कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्यावर अभ्यासही झाला आहे. रेने किझिलसेक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच व्याख्यान चेहऱ्यासह आणि चेहऱ्याविना दाखवले आणि पाहणाऱ्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने मोजले. पाहणाऱ्यांचा सुमारे 41 टक्के वेळ चेहऱ्याकडे पाहण्यात गेला आणि त्यांची नजर सरासरी दर 3.7 सेकंदांनी चेहरा आणि स्लाइड यांच्यात उडी मारत होती. चेहरा असलेले व्याख्यान लोकांना स्पष्टपणे जास्त आवडले, त्यातून जास्त शिकायला मिळते असेही त्यांना वाटले. पण नंतर किती लक्षात राहिले हे तपासले तेव्हा दोन्हींत फरक आढळला नाही.

याचा सरळ अर्थ असा की चेहरा पाहणाऱ्याला धरून ठेवण्यासाठी आहे, समजावण्यासाठी नाही. बोलणारा माणूस आपल्याशी बोलतोय असे वाटले की व्हिडिओ मधेच बंद करण्याची इच्छा कमी होते. पण ज्या क्षणी स्लाइडवर बारकाईने पाहायचे आहे, त्या क्षणी तोच चेहरा नजर खेचून घेतो.

दुसरे टोकही आपल्याकडेच पाहायला मिळते. आयआयटी मुंबईचा, प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे देतो, त्यात फक्त संगणकाचा पडदा आणि आवाज असतो. शिकणाऱ्याने बाजूला दुसरी खिडकी उघडून जे दिसते ते तसेच स्वतः करून पाहावे, अशी त्याची रचना आहे. चेहरा नसल्याचा एक मोठा फायदा असा की, त्याच चित्रांवर मराठीसह इतर भाषांतला आवाज चढवता येतो, ओठांची हालचाल जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. कारखान्यात मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तास लागणार असेल तर हा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

व्हर्निअरच्या तासासाठी व्यवहार्य उत्तर मधले आहे : सुरुवातीला, एक मुद्दा संपून दुसरा सुरू होताना आणि शेवटी चेहरा हवा, प्रत्यक्ष माप वाचताना तो नको.

जागा आधी ठरवायची, चेहरा नंतर बसवायचा

बहुतेक जण स्लाइड आधी करतात आणि चौकट ‘कुठेतरी मोकळ्या जागेत’ बसवतात. मग प्रत्येक स्लाइडची मोकळी जागा वेगळी निघते. योग्य क्रम उलटा आहे. पॉवरपॉइंटमध्ये View मध्ये जाऊन Slide Master उघडायचे आणि सगळ्या स्लाइडच्या एकाच कोपऱ्यात एक फिकट रिकामा आयत काढून ठेवायचा. नेहमीची रुंद स्लाइड 33.87 बाय 19.05 सेंटिमीटर असते. तिच्या एकपंचमांश रुंदीची चौकट म्हणजे साधारण 6.8 बाय 3.8 सेंटिमीटर. कडेला थोडी जागा धरून सात बाय चारचा आयत पुरतो. तो आयत मास्टरमध्ये असल्याने प्रत्येक स्लाइडवर दिसतो, आणि मजकूर किंवा चित्र त्यावर चढले तर स्लाइड करतानाच लक्षात येते. रेकॉर्डिंगपूर्वी आयत पुसून टाकायचा, किंवा तसाच ठेवून त्यावर चौकट बसवायची.

कोपरा कोणता? सवयीने खालचा उजवा निवडला जातो. पण मोबाइलवर व्हिडिओला बोट लावले की खालच्या कडेला पुढे-मागे करण्याची पट्टी येते आणि उपशीर्षके लावली तर तीही खालीच येतात. आकृतीचा महत्त्वाचा भागही बहुतेकदा मध्यापासून खाली असतो. मराठी मथळा डावीकडून सुरू होतो आणि क्वचितच पूर्ण ओळ भरतो, म्हणून वरचा उजवा कोपरा सहसा मोकळा सापडतो. मथळे छोटे ठेवले की तो नेहमीच मोकळा राहतो.

आकारही मोबाइलवरूनच ठरवावा. साडेसहा इंची, लांबट पडद्याचा मोबाइल आडवा धरला तर व्हिडिओ साधारण 12 सेंटिमीटर रुंद दिसतो. एकपंचमांश चौकट त्यावर 2.4 सेंटिमीटरची होते, चेहरा ओळखू येतो आणि हावभावही कळतात. मोबाइल उभाच धरला तर पूर्ण व्हिडिओ 6.8 सेंटिमीटरवर येतो आणि चौकट जेमतेम दीड सेंटिमीटरचीही राहत नाही. म्हणून कॅमेरा खांद्यांपासून वरचाच भाग घेईल असा जवळ ठेवायचा. मागची भिंत, कपाट, कॅलेंडर यांना त्या दीड सेंटिमीटरमध्ये जागा द्यायचे कारण नाही.

हाच हिशेब अक्षरांना लावला की बऱ्याच स्लाइड नापास होतात. 28 पॉइंटचे अक्षर आडव्या मोबाइलवर साधारण साडेतीन मिलिमीटरच्या ओळीत बसते, म्हणजे छापील वर्तमानपत्राच्या मजकुराएवढे. 18 पॉइंटचे अक्षर सव्वादोन मिलिमीटरवर जाते. त्यात देवनागरीला त्याच उंचीत वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही बसवायचे असतात, म्हणून ‘कु’ आणि ‘कू’ यातला फरक आधी पुसला जातो. मराठी स्लाइडवर 28च्या खाली न जाणेच बरे. तेवढ्यात मजकूर बसत नसेल तर स्लाइड दोन कराव्या लागतात, दुसरा इलाज नाही.

रेकॉर्डिंग पॉवरपॉइंटमध्येच की वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये?

नव्या पॉवरपॉइंटमध्ये Record नावाचा टॅब असतो. तिथे कॅमेरा आणि माइक सुरू करून स्लाइड पुढे नेत बोलायचे. त्याची खरी खुबी पुष्कळांना माहीत नसते : तो प्रत्येक स्लाइडचे बोलणे आणि चेहरा त्या-त्या स्लाइडवर स्वतंत्र ठेवतो. चेहऱ्याची चौकट रेकॉर्डिंगनंतर खाली उजवीकडे येते, पण ती नुसत्या चित्रासारखी उचलून वरच्या कोपऱ्यात नेता येते, लहान-मोठी करता येते. पाचव्या स्लाइडवर चूक झाली तर फक्त पाचवी स्लाइड पुन्हा रेकॉर्ड करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. शेवटी File, Export, Create a Video या वाटेने व्हिडिओची फाइल तयार होते.

त्याची एक खोडही आहे. एका स्लाइडवरून दुसरीकडे जाताना जो क्षण जातो, त्यात आवाज आणि चेहरा रेकॉर्ड होत नाही. बोलता बोलता बटण दाबणाऱ्याचे वाक्यातले एक-दोन शब्द त्यामुळे गायब होतात. ‘माप चोवीस पूर्णांक…’ आणि पुढची स्लाइड. हे टाळायला वाक्य पूर्ण करायचे, एक श्वास थांबायचे, स्लाइड पुढे न्यायची आणि ती पूर्ण दिसल्यावर बोलायला लागायचे. स्लाइड बदलतानाच्या उडत्या-फिरत्या परिणामांनी हा खड्डा आणखी लांबतो, म्हणून ते काढून टाकावेत.

व्हर्निअरसारख्या तासाला मात्र पॉवरपॉइंट अपुरा पडतो, कारण हातात खरे व्हर्निअर धरून दाखवायचे असते आणि चेहरा मधेच काढून परत आणायचा असतो. त्यासाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे. त्याची रचना थिएटरच्या पडद्यांसारखी आहे. Scenes म्हणजे देखावे, आणि प्रत्येक देखाव्यात Sources म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. एका देखाव्यात Window Capture ने स्लाइड घ्यायची आणि Video Capture Device ने कॅमेरा. यादीत जो थर वर, तो चित्रातही वर. चेहरा दिसत नसेल तर बहुतेकदा कॅमेरा यादीत स्लाइडच्या खाली गेलेला असतो. Alt दाबून चौकटीची कड ओढली की चौकट लहान न होता तिची बाजू कापली जाते, म्हणजे रुंद चित्रातून फक्त चेहऱ्याचा भाग ठेवता येतो.

इथे नव्याने वापरणारे हमखास अडकतात ते एका जागी. Window Capture ला पॉवरपॉइंट दाखवले आणि स्लाइड शो सुरू केला की रेकॉर्डिंगमध्ये स्लाइड बदलतच नाहीत. कारण स्लाइड शो ही वेगळी खिडकी असते आणि ओबीएस मागची, संपादनाची खिडकीच टिपत बसते. उपाय असा : पॉवरपॉइंटमध्ये Slide Show, Set Up Slide Show मध्ये जाऊन Browsed by an individual (window) हा पर्याय निवडायचा, शो सुरू करायचा आणि मग ओबीएसमध्ये त्या नव्या खिडकीवर बोट ठेवायचे. खिडकीची वरची पट्टी दिसली तर Alt धरून कापून टाकायची.

मग दुसरा देखावा करायचा, त्यात फक्त स्लाइड. तिसरा, त्यात फक्त कॅमेरा, हातातले व्हर्निअर दाखवण्यासाठी. Settings मधल्या Hotkeys मध्ये तिघांना F9, F10, F11 अशी बटणे देऊन टाकायची. F5 घेऊ नये, त्याने पॉवरपॉइंटचा शो सुरू होतो.

मापाच्या स्लाइडचे काय?

चौकट बाजूला केली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. वरच्या उदाहरणात 60 मिलिमीटरची पट्टी 1920 पिक्सेलवर पसरली आहे, म्हणजे एका मिलिमीटरला 32 पिक्सेल. व्हर्निअरची सगळी गंमत शेजारच्या दोन रेघांमधल्या 0.02 मिलिमीटरच्या फरकात आहे. तो फरक या चित्रात 0.64 पिक्सेल होतो. एका पिक्सेलपेक्षाही कमी. म्हणजे 41वी रेघ जुळली, 42वी जुळली की 43वी, हे या स्लाइडवर कोणालाच दिसू शकत नाही, चष्मा कितीही चांगला असो. शिकवणाऱ्याला 42 माहीत असते म्हणून त्याला ती दिसते. ट्रेनी 0.82 किंवा 0.86 वाचतो आणि त्याला वाटते आपल्यालाच जमत नाही.

म्हणून मापाच्या दोन स्लाइड लागतात. पहिलीत पूर्ण व्हर्निअर, चेहऱ्यासह : शून्य कुठे आहे, मुख्य पट्टीवर 24 कसे वाचायचे. दुसरीत फक्त 62 ते 70 मिलिमीटर एवढाच तुकडा, स्लाइडच्या पूर्ण रुंदीवर, चेहरा बंद करून. आता एका मिलिमीटरला 240 पिक्सेल मिळतात आणि 0.02 चा फरक जवळपास पाच पिक्सेलचा होतो. ट्रेनीच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ 480 च्या दर्जाने चालला तरी दोन पिक्सेल शिल्लक राहतात. डोळ्याला कळण्याच्या ती काठावर असतात, पण कळतात. इथे चेहऱ्याला जागाच नाही, आणि गरजही नाही.

मूळ चित्र मोबाइलने काढलेला फोटो असेल तर हा तुकडा आधीच्या फोटोतून ताणून घेऊ नये, तेवढाच भाग जवळून पुन्हा टिपावा. ताणल्याने पिक्सेल वाढतात, माहिती वाढत नाही.

हातातले व्हर्निअर कॅमेऱ्यासमोर धरताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. अनेक मोबाइल आणि कॉलिंगची ॲप स्वतःला दाखवताना आरशासारखे उलटे चित्र दाखवतात. चेहरा उलटा झाला तर कळत नाही, पट्टीवरचे आकडे उलटे झाले तर तास वाया जातो. सुरुवातीलाच छापील अक्षरांचा कागद कॅमेऱ्यासमोर धरून पाहायचा. उलटा दिसला तर ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या थरावर उजवे क्लिक, Transform, Flip Horizontal.

आवाज आणि ओठ

स्लाइड अस्पष्ट असली तरी लोक थोडा वेळ सहन करतात, आवाज खरखरीत असला तर करत नाहीत. सणसवाडीत हायवेवरचे हॉर्न, शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर आणि पत्र्याखाली घुमणारा आवाज, तिन्ही गोष्टी हाताशी असतात. पुणे परिसरातल्या औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी शांतता मिळते. मात्र गुरुवारीच विजेच्या देखभालीची कामेही निघतात, तेव्हा लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करून ठेवलेला बरा.

माइक तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवायचा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवेचा धक्का त्यावर बसत नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर महागड्या फोमची गरज नाही, शिकवणाऱ्याच्या समोर आणि मागे दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या पुरतात. ओबीएसमधली आवाजाची पट्टी हिरवी, पिवळी, लाल अशी असते. नेहमीच्या बोलण्यात ती पिवळ्यात खेळली पाहिजे. लालमध्ये गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. पंख्याची घरघर मात्र माइकच्या Filters मधल्या Noise Suppression ने बरीच कमी होते.

चेहरा दाखवला की आणखी एक अडचण येते, जी नुसत्या आवाजाच्या व्हिडिओला नसते. ओठ आणि शब्द जुळत नाहीत. कॅमेऱ्याचे चित्र संगणकात पोहोचायला आवाजापेक्षा जास्त वेळ लागतो, मोबाइल कॅमेरा म्हणून जोडला असेल तर आणखी जास्त. त्यामुळे शब्द आधी ऐकू येतो, ओठ नंतर हलतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज पुढे धावत असेल तर साधारण 45 मिलिसेकंदांतच माणसाला ते जाणवते, मागे राहिला तर मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. विजेनंतर गडगडाट ऐकायची आपल्याला सवय आहे, आधी नाही.

दुरुस्ती सोपी आहे. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून दहा सेकंदांचे रेकॉर्डिंग करायचे. ते एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक-एक फ्रेम पुढे नेत पाहायचे. टाळीचा आवाज आल्यानंतर सहा फ्रेमनी हात एकमेकांना भिडताना दिसले आणि रेकॉर्डिंग सेकंदाला 30 फ्रेमचे असेल, तर फरक सहा गुणिले 33, म्हणजे साधारण 200 मिलिसेकंद. ओबीएसच्या Advanced Audio Properties मध्ये माइकसमोर Sync Offset मध्ये 200 लिहायचे आणि पुन्हा टाळी वाजवून पाहायचे. कॅमेरा बदलला की हा आकडाही बदलतो. ब्लूटूथचे इअरफोन माइक म्हणून वापरले तर आवाजच उशिरा येतो आणि हिशेब उलटा होतो. वायरचा माइक असेल तर हा त्रास टळतो.

चूक झाली तर पहिल्यापासून?

आठ मिनिटे एकदाही न चुकता बोलणारे फार थोडे. अडखळल्यावर रेकॉर्डिंग बंद करायचे नाही. तीन सेकंद गप्प राहायचे आणि ते वाक्य सुरुवातीपासून पुन्हा म्हणायचे. आवाजाच्या आलेखात ती तीन सेकंदांची सपाट जागा लांबूनही दिसते, नंतर कापायला सोपी जाते.

पण चेहरा पडद्यावर असताना कापले की मान टुणकन उडते. पाहणाऱ्याला चुटकीसरशी कळते की इथे काहीतरी काढले आहे. चेहरा नसलेल्या देखाव्यात मात्र कापलेले कळतच नाही, कारण स्लाइड स्थिर असते. म्हणून अनुभवी लोक अवघड, आकड्यांचा, हमखास चुकणारा भाग चेहरा बंद करूनच बोलतात आणि चेहरा असलेला भाग छोटा, पाठ असलेला ठेवतात. मापाच्या तासात हे आपोआपच जुळून येते.

नजरेचेही तसेच. बोलणारा स्वतःच्या चौकटीकडे पाहत राहिला तर पाहणाऱ्याला तो खाली मान घालून बोलतोय असे वाटते. टिपण कॅमेऱ्याच्या लगेच खाली, मोठ्या अक्षरांत चिकटवायचे. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको, नाहीतर चौकटीत फक्त काळी सावली उरते.

लांबीचा प्रश्न उरतो. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी 2014 मध्ये ‘एडएक्स’वरच्या चार अभ्यासक्रमांतील 69 लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, तो पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांपुढे जात नव्हता. मग आठ मिनिटांचा व्हर्निअरचा तास दोन भागांत तोडणे शहाणपणाचे : पहिल्यात पट्ट्यांची ओळख आणि लीस्ट काउंट, दुसऱ्यात माप वाचणे आणि शून्याची चूक.

पाठवताना होणारे नुकसान

रेकॉर्डिंग करताना ओबीएसच्या Output मध्ये फाइलचा प्रकार mkv ठेवणे सुरक्षित. वीज गेली किंवा लॅपटॉप मधेच बंद पडला तरी तोवरचे रेकॉर्डिंग वाचते. साध्या mp4 ची फाइल नीट बंद झाली नाही तर ती पूर्णच उघडत नाही. काम झाल्यावर File मधल्या Remux Recordings ने काही सेकंदांत तिचे mp4 होते, दर्जा जसाच्या तसा राहतो.

यानंतर खरा घात व्हॉट्सॲप करते. ग्रुपवर व्हिडिओ म्हणून टाकला की तो दाबून लहान केला जातो, आणि सगळ्यात आधी जातात त्या बारीक रेघा. 42वी रेघ 240 पिक्सेलचा हिशेब करून वाचवली आणि इथे पुसली, असे होते. तीच फाइल Document म्हणून पाठवली तर न दाबता जाते. स्लाइड बहुतांश स्थिर असल्याने फाइल फार मोठीही नसते. आवाज धरून सेकंदाला 1000 किलोबिट एवढा दर ठेवला तर आठ मिनिटांचे साधारण 60 एमबी होतात.

पाठवण्याआधी ती फाइल स्वतःला पाठवून, साध्या मोबाइलवर, उभा धरून एकदा पाहायची. लॅपटॉपवर नाही. आवाज बंद करून दुसऱ्या भागातल्या मापाच्या स्लाइडवर थांबायचे आणि ज्याला उत्तर माहीत नाही अशा कोणाला तरी विचारायचे, कितवी रेघ जुळली आहे. त्याने 42 सांगितले नाही, तर ती स्लाइड आणखी मोठी करून परत रेकॉर्ड करावी लागते.